शून्य पूर्णांक चार
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की शेतकरी आधी नत्र, स्फुरद, पालाश बघतात. त्याच कागदावर आणखी एक ओळ असते, सेंद्रिय कर्ब. आपल्या काळ्या जमिनीत तिच्यासमोर बहुधा ०.४ च्या आसपासचा आकडा असतो. अर्धा टक्कासुद्धा नाही. तो वाढवायचा म्हणून कुणी शेणखत घालतात, कुणी पाचट कुजवतात, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी केली की आकडा जिथल्या तिथे दिसतो. मग प्रश्न येतो, 'एवढं घातलं ते गेलं कुठं?' आज मी या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

आधी थोडा हिशेब करू. एक एकर शेतातल्या वरच्या १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहूनही कमी थरातल्या मातीचं वजन साधारण ८ लाख किलो भरतं. त्यात ०.४० टक्के कर्ब म्हणजे ३,२०० किलो. हा आकडा ०.५० वर न्यायचा, तर ४,००० किलो हवा. कागदावर एक दशांश टक्का दिसतो, पण शेतात तो ८०० किलो शुद्ध कर्ब असतो, आणि तोही टिकून राहिलेला.

आता एकरी ४ टन शेणखत घातलं असं समजा. म्हणजे आठेक बैलगाड्या. त्यात निम्मं पाणीच असतं. उरलेल्या दोन टनांत साधारण ५०० किलो कर्ब मिळतो. ५०० किलो ऐकून वाटेल, दोन वर्षांत काम झालं! पण हे खत जमिनीत पडलं की जीवाणू आणि बुरशी त्यावर तुटून पडतात. आपण भाकरी खातो, तिच्यातला थोडा भाग अंगी लागतो आणि बराचसा श्वासातून बाहेर जातो. त्यांचंही तसंच आहे. पाचशेपैकी बहुतेक कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. काही वर्षांनी मागे उरतो तो जेमतेम पाचवा भाग, म्हणजे १०० किलो.

दुसऱ्या बाजूने गळती चालूच असते. जमिनीत आधीपासून असलेला कर्बही दरवर्षी थोडा थोडा जळतो. आपण तो अडीच टक्के धरू, म्हणजे ३,२०० किलोंतले ८० किलो. पिकाची मुळं आणि धसकटं ही तूट कशीबशी भरून काढतात, म्हणून आकडा ०.४० वर थांबलेला असतो. शेणखताचे १०० किलो त्यावर चढतात. पण साठा वाढला की गळतीही त्या प्रमाणात वाढते. हे सगळं मांडलं, तर ०.५० वर पोचायला जवळजवळ नऊ वर्षं लागतात. आणि तीन वर्षांनी आकडा किती दिसेल? ०.४३ किंवा ०.४४. माझ्या हिशेबातले दर ढोबळ आहेत, तुमच्या शेतात ते कमी-जास्त असतील. पण वेग साधारण हाच असतो. गळक्या हौदात बारीक धारेनं पाणी भरावं, तसं हे काम आहे.

आपल्याकडे ही गळती मोठी का? पहिलं कारण ऊन. ओलावा असेल, तर उष्णता दहा अंशांनी वाढली की जीवाणूंचं काम साधारण दुप्पट होतं. दुसरं कारण मशागत. मातीच्या बारीक कणसांच्या आत, चिकणमातीच्या कणांना चिकटून जो कर्ब बसलेला असतो, तिथवर जीवाणू आणि हवा सहज पोचत नाहीत. म्हणूनच तो टिकतो. नांगरानं आणि रोटाव्हेटरनं ही कणसं फुटतात आणि झाकलेलं ताट उघडं पडतं. काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर असल्यामुळे कर्ब धरून ठेवायला जागा मात्र खूप आहे. मुरमाड, हलक्या जमिनीत ती जागाही कमी असते.

किती वर्षं वाट पाहायची, याचा सगळ्यात जुना पुरावा इंग्लंडमध्ये आहे. रोथॅमस्टेड इथल्या ब्रॉडबाक नावाच्या शेतात लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली गव्हावर प्रयोग सुरू केला आणि तो आजही चालू आहे. तिथल्या एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन, म्हणजे एकरी १४ टन शेणखत पडतं. आज त्या पट्ट्यातला कर्ब खत न घातलेल्या पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. पण ही वाढ पहिल्या काही दशकांत वेगानं झाली आणि नंतर मंदावत गेली. हे थंड प्रदेशातलं, आणि एवढं खत ओतून! तिथल्याच हूसफील्ड शेतात १८५२ पासून १८७१ पर्यंत शेणखत घातलं आणि मग बंद केलं. कर्ब उतरू लागला, पण शंभर वर्षांनंतरही त्या तुकड्यात शेजारच्या कोऱ्या तुकड्यापेक्षा जास्त कर्ब सापडला. जो कर्ब हळू चढतो, त्यातला काही भाग उतरायलाही तितकाच वेळ लावतो.

आता कोणत्या उपायांनी आकडा वर जातो ते पाहू. एक गोष्ट आधी ध्यानात ठेवावी लागेल. जमिनीत टिकणारा कर्ब म्हणजे काडीकचरा नव्हे. त्यातला मोठा भाग मेलेल्या जीवाणू-बुरशीच्या शरीरांचा आणि त्यांनी चघळून टाकलेल्या पदार्थांचा असतो. शरीर म्हटलं की नत्र आलं. टिकाऊ कर्बाच्या साधारण अकरा-बारा किलोंमागे एक किलो नत्र लागतं. म्हणजे आपले ८०० किलो कर्ब साठवायला ७० किलो नत्रही जमिनीतच अडकवावं लागतं.

उसाच्या पाचटाचं उदाहरण घेऊ. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात कर्ब भरपूर असतो, पण नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच. शंभराला एक असं ते प्रमाण पडतं. असं पाचट मातीत मिसळलं की जीवाणू लागणारं नत्र मातीतून उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. पाचटानं पीक बिघडतं ही तक्रार इथूनच येते. म्हणून खोडवा राखताना पाचट सरीत ओढून घ्यायचं, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटायचे, आणि पाचटावर एकरी एक पोतं युरिया, एक पोतं सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जीवाणू टाकून पाणी द्यायचं. एका पोत्यात वीसेक किलो नत्र असतं. ते वाया जात नाही, जीवाणूंच्या अंगी लागतं आणि पुढं सावकाश पिकाला मिळतं. पाचट पेटवलं, तर कर्बाबरोबर त्यातलं बहुतेक नत्रही धुरात जातं.

दुसरा उपाय मुळांचा. वरून टाकलेल्या काडीपेक्षा मुळांतून आलेला कर्ब जास्त टिकतो. तो मातीच्या आतच, चिकणमातीच्या अंगाला लागून सुटतो. म्हणून वर्षातले जास्तीत जास्त महिने शेतात जिवंत मूळ असणं फायद्याचं. सोयाबीननंतर ओल असेल तर हरभरा, आंतरपीक म्हणून तूर, बांधावर गवत. काढणी करताना रोप उपटू नये, जमिनीलगत कापावं आणि मुळं तिथंच राहू द्यावीत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेल्या सगुणा तंत्राचा गाभा हाच आहे. गादीवाफे कायमचे ठेवायचे, नांगरणी-चिखलणी करायची नाही, मागच्या पिकाची मुळं जागेवर कुजू द्यायची.

मशागत कमी केली की कर्ब वाढतो, हे मात्र जरा जपून घ्यावं. नांगरट थांबवल्यावर वरच्या बोटभर थरात कर्ब चांगला वाढलेला दिसतो, पण खालच्या थरात कधी कधी तो घटलेलाही असतो. सगळा थर मोजला, तर फायदा वरवर वाटतो त्याहून कमी निघतो. मशागत कमी केली की गळती कमी होते. भर घालायला मुळं आणि काडीच लागते. ताग-धैंचाचंही तसंच. फुलोऱ्यात गाडलेला ताग कोवळा असतो, काही आठवड्यांत कुजतो. त्यातून पिकाला नत्र चांगलं मिळतं, कर्बाच्या आकड्यात भर थोडीच पडते. आणि बाहेरून विकत आणलेलं शेणखत आपल्या शेताला उपयोगी असलं, तरी तो कर्ब दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातून आलेला असतो.

आता मोजणीबद्दल. एका ऊस बागायतदारांनी मला दोन अहवाल दाखवले. पहिल्यात कर्ब ०.५०, तीन वर्षं पाचट कुजवल्यानंतर दुसऱ्यात ०.४१. ते म्हणाले, 'साहेब, आता पाचट पेटवूनच देतो.' अहवाल दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे होते. कर्ब मोजायची नेहमीची पद्धत वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची. तिच्यात सगळा कर्ब सापडत नाही, साधारण तीन-चतुर्थांश सापडतो. म्हणून काही प्रयोगशाळा आलेल्या आकड्याला १.३ नं गुणतात, काही गुणत नाहीत. पहिल्या ठिकाणी गुणलं होतं. तो गुणाकार काढला, तर ०.५० चे ०.३८ होतात. म्हणजे ०.३८ वरून ०.४१. एवढासा फरक नमुना घेण्यातल्या चुकीनंही येऊ शकतो, हे मी त्यांना सांगितलं. पण घट झाली असं म्हणायला काहीच आधार नव्हता. त्यांनी पाचट ठेवलं.

चुनखडीच्या जमिनीत आणखी एक फसगत होते. माती जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्रात चुनखडीतला कर्बही धरला जातो. चुना आम्लानं आधी काढला नसेल, तर आकडा उगीच फुगतो. तेव्हा पद्धत कोणती आणि गुणाकार केला का, हे प्रयोगशाळेला विचारून अहवालावरच लिहून ठेवावं.

नमुना दर वेळी त्याच महिन्यात, त्याच खोलीचा घ्यावा. वरचा काडीकचरा बाजूला सारावा. शेतात नागमोडी फिरून दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करावी. उकिरड्याची, झाडाखालची, बांधालगतची जागा टाळावी. प्रयोगशाळा एकच ठेवावी. आणि दरवर्षी आकडा बघण्याऐवजी पाच वर्षांनी बघावा, कारण त्याआधी जो फरक दिसेल तो जमिनीचा की नमुन्याचा, हे सांगता येत नाही.