आत्मकारक, नवमस्थान आणि इष्टदेवता

कुलदेवता जन्माने मिळते, ग्रामदेवता गावामुळे लाभते. इष्टदेवतेचा मात्र शोध घ्यावा लागतो. तो कुंडलीतून घेण्याची एक रीत जैमिनीसूत्रांच्या परंपरेत आहे.

रवीपासून शनीपर्यंतच्या सात ग्रहांपैकी ज्याने आपल्या राशीत सर्वाधिक अंश आक्रमिले असतील, तो आत्मकारक. काही आचार्य राहूलाही धरतात, पण त्याची गती उलटी असल्याने त्याचे अंश ३० मधून वजा करून मोजतात. आत्मकारक नवमांश कुंडलीत ज्या राशीत पडतो, ती कारकांश राशी. तिच्यापासून बारावे स्थान मोक्षाचे. तेथील ग्रहावरून इष्टदेवता ओळखतात, ग्रह नसल्यास राशीस्वामीवरून. नववे स्थान धर्म, गुरू आणि घरचा आचार सांगते.

एक उदाहरण घेऊ. गुरू सिंहेत २६ अंश ५० कलांवर आहे आणि बाकीचे सारे ग्रह त्याहून कमी अंशांवर. म्हणजे गुरू आत्मकारक. एक नवमांश ३ अंश २० कलांचा. सिंहेचे नवमांश मेषेपासून सुरू होतात, आणि २६ अंश ४० कलांपुढे नववा, धनूचा, लागतो. धनूपासून बारावी राशी वृश्चिक. कुंभेत ५ अंशांवरचा चंद्र नवमांशात नेमका तेथेच येतो, म्हणून इष्टदेवता गौरी. धनूपासून नववी राशी सिंह. तेथे ग्रह नाही, स्वामी रवी, म्हणून धर्मस्थानी शिव.

गुरू सीमेपासून अवघ्या १० कला पुढे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. चित्रापक्षीय पंचांग आणि टिळक पंचांग यांच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. टिळक पंचांगाने गुरू कन्येच्या प्रारंभी जातो आणि आत्मकारक ग्रहच बदलतो! देवता सांगणाऱ्याला गणित कोणत्या पंचांगाचे, हे प्रथम विचारावे. अंश सीमेलगत असतील, तर निर्णय कुंडलीवर सोडू नये.

याहून मोठी चूक घराघरांत घडते. गौरी निघाली, म्हणून खंडोबाचा टाक देवघरातून हलवावा काय, असे कोणी विचारतो. परंपरेत याला आधार नाही. कुलाचार कुटुंबाचा, इष्टोपासना व्यक्तीची. स्मार्तांच्या पंचायतन पूजेत शिव, विष्णू, देवी, सूर्य व गणपती हे पाचही देव असतात. केवळ इष्टदेवता मध्यभागी येते. वारकऱ्याने तर कुंडली न पाहताच माळ घातलेली असते, आणि गुरूकडून लाभलेला मंत्र ग्रहांवरून बदलण्याची पद्धत नाही.

उदाहरणातील गृहस्थाने देवी-पंचायतन मांडावे, नित्य जप देवीचा करावा. चंपाषष्ठीचा नैवेद्य मात्र पूर्वीसारखाच खंडोबाला दाखवावा.