पिक्सेलगणिक निर्णय : प्रतिमाविभाजन आणि व्यापनाचे माप

मेंदूच्या एमआरआय तपासणीतील ५१२ × ५१२ पिक्सेलांची एक छेदप्रतिमा घेतली, तर तिच्याविषयी संगणकाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. तिच्यात विकृत भाग आहे की नाही, एवढेच विचारले तर ते वर्गीकरण होय आणि त्याचे उत्तर संपूर्ण चित्रासाठी एकच असते. तो भाग साधारण कोठे आहे, असे विचारले तर तो वस्तुशोध होय. त्याच्या उत्तरात वस्तूचे नाव आणि तिच्याभोवतीची आयताकृती चौकट सांगणाऱ्या चार संख्या येतात. परंतु शस्त्रक्रियेची किंवा किरणोपचाराची आखणी करायची असेल, तर त्या भागाची कडा नेमकी कोठून जाते हे कळावे लागते, आणि त्यासाठी चित्रातील २,६२,१४४ पिक्सेलांपैकी प्रत्येकाविषयी ‘आत’ की ‘बाहेर’ असा स्वतंत्र निर्णय द्यावा लागतो. या तिसऱ्या कामाला प्रतिमाविभाजन म्हणतात आणि अशा निर्णयांतून तयार होणाऱ्या काळ्या-पांढऱ्या नकाशाला मास्क म्हणतात.

चौकटीने भागत नाही, हे एखाद्या रक्तवाहिनीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. तीन पिक्सेल जाडीची वाहिनी १०० × १०० च्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी गेली असेल, तर चौकटीच्या क्षेत्रफळापैकी जेमतेम चार टक्के भाग वाहिनीचा असतो आणि बाकीची सारी पार्श्वभूमी असते. चौकट अगदी अचूक असली, तरी तिच्यावरून वाहिनीचा आकार किंवा तिचे क्षेत्रफळ सांगता येत नाही.

वर्गीकरणासाठी बांधलेले न्यूरल नेटवर्क चित्र टप्प्याटप्प्याने लहान करीत जाते. प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या चार पिक्सेलांतील सर्वांत मोठी किंमत ठेवून बाकीच्या टाकून दिल्या जातात, त्यामुळे लांबी-रुंदी निम्मी होते, मात्र प्रत्येक बिंदूपाशी नोंदल्या जाणाऱ्या गुणधर्मांची संख्या वाढत जाते. असे चार टप्पे झाले की ५१२ चे ३२ होतात. उरलेल्या प्रत्येक बिंदूला मूळ चित्राचा मोठा प्रदेश ‘दिसलेला’ असतो, म्हणून तेथे काय आहे हे नेटवर्कला बरेच चांगले कळते, पण ते नेमके कोठे आहे हे त्याने गमावलेले असते. मूळ चित्रात वीस पिक्सेल रुंद असलेला विकार येथे एका बिंदूहून थोडाच मोठा उरतो. वर्गीकरणाला याची खंत नसते, कारण त्याला स्थान सांगायचेच नसते. विभाजनाचे मात्र येथेच अडते.

या अडचणीवरचा सर्वांत टिकाऊ तोडगा २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ओलाफ रोनेबेर्गर, फिलिप फिशर आणि थॉमस ब्रॉक्स यांनी ‘यू-नेट’ या नावाने मांडला. त्यातील उतरत्या बाजूला, म्हणजे चित्र आकसत नेणाऱ्या भागाला, एन्कोडर म्हणतात आणि आकसलेले चित्र पुन्हा दुप्पट-दुप्पट करीत मूळ आकाराकडे नेणाऱ्या चढत्या बाजूला डिकोडर म्हणतात. केवळ मोठे करून हरवलेली कडा परत येत नाही, कारण ३२ × ३२ बिंदूंच्या चित्रात नसलेली माहिती ताणून निर्माण होत नसते. म्हणून यू-नेटमध्ये उतरताना प्रत्येक पातळीवर तयार झालेले गुणधर्म जपून ठेवले जातात आणि चढताना त्याच पातळीवर ते डिकोडरच्या गुणधर्मांशेजारी जोडले जातात. स्किप कनेक्शन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जोडणीमुळे ‘काय आहे’ याचे उत्तर खालून आणि ‘कोठे आहे’ याचे उत्तर बाजूने मिळते. या जोडण्या काढून टाकल्या, तर मास्क येतो, पण त्याच्या कडा गोलसर आणि पुसट होतात आणि बारीक फाटे नाहीसे होतात.

रचना योग्य असली, तरी शिकताना चूक कशाला म्हणायचे हा प्रश्न उरतोच. नेटवर्कच्या चुकीचे संख्येत मोजमाप करणाऱ्या सूत्राला लॉस म्हणतात आणि तो कमी करणे हेच शिकणे असते. वरच्या छेदप्रतिमेत विकृत भाग ४०० पिक्सेलांचा आहे असे मानले, तर पार्श्वभूमीचे पिक्सेल त्याच्या साडेसहाशे पट भरतात. प्रत्येक पिक्सेलची चूक समान धरून सरासरी काढणारा लॉस वापरला, तर विकाराच्या वाट्याला त्या सरासरीचा नगण्य हिस्सा येतो. संपूर्ण चित्राला ‘बाहेर’ ठरवून मोकळे होणारे नेटवर्कही ९९.८५ टक्के पिक्सेलांबाबत बरोबर ठरते. त्याऐवजी दुसऱ्या एका नेटवर्कने ५०० पिक्सेल ‘आत’ दाखवले आणि त्यांतील ३०० खरोखर विकृत निघाले, तर त्याची अचूकता ९९.८९ टक्के भरते. एकाने काहीच शोधलेले नाही आणि दुसऱ्याने तीन-चतुर्थांश विकार शोधला आहे, तरी दोघांत शतांश टक्क्यांचा फरक दिसावा, हे माप निरुपयोगी असल्याचा याहून मोठा पुरावा नको.

यावरचा उपाय अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ ली डाइस यांच्या १९४५ मधील एका मापात सापडला, जे मुळात दोन प्राणिजाती किंवा वनस्पती किती वेळा एकत्र आढळतात हे मोजण्यासाठी होते. दोन मास्कांच्या सामाईक भागाची दुप्पट करून तिला दोघांच्या आकारांच्या बेरजेने भागले की डाइस गुणांक मिळतो; तो पूर्ण जुळणीला १ आणि शून्य जुळणीला ० असतो. दुसऱ्या नेटवर्कसाठी हा आकडा ६०० भागिले ९००, म्हणजे ०.६७ येतो आणि पहिल्यासाठी सरळ शून्य. बरोबर ओळखलेली पार्श्वभूमी या सूत्रात कोठेच येत नाही, आणि त्याची सारी ताकद यातच आहे. शिकवताना मात्र होय-नाही असे निर्णय चालत नाहीत, कारण लॉस हळूहळू बदलावा लागतो. म्हणून मास्काऐवजी नेटवर्कने दिलेल्या शून्य ते एकमधील संभाव्यता सूत्रात घालून, गुणांक एकातून वजा करतात. २०१६ मध्ये मिलेतारी, नवाब आणि अहमदी यांनी ‘व्ही-नेट’मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या त्रिमितीय एमआरआयसाठी हा लॉस वापरला. यू-नेटबरोबर डाइसचे नाव सर्रास घेतले जाते, पण मूळ यू-नेटचा लॉस पिक्सेलगणिकच होता. त्यात एकमेकींना चिकटलेल्या पेशींमधील अरुंद फटींच्या पिक्सेलांना जास्त वजन दिलेले होते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

डाइसलाही स्वतःच्या खोडी आहेत. विकारच नसलेल्या छेदप्रतिमेत खरा मास्क रिकामा असतो. नेटवर्कनेही काही दाखवले नाही, तर शून्याला शून्याने भागण्याची वेळ येते, म्हणून वर-खाली एक लहान स्थिरांक मिळवावा लागतो. लहान आकारांवर हे माप कठोर असते : २०० पिक्सेल बाजूचा चौरस एका पिक्सेलने सरकला तर डाइस ०.९९५ राहतो, पण ४ पिक्सेल बाजूचा चौरस तेवढाच सरकला तर तो ०.७५ वर येतो. शिवाय केवळ डाइसवर शिकवणे कधीकधी अस्थिर होते, म्हणून व्यवहारात पिक्सेलगणिक लॉस आणि डाइस यांची बेरीज वापरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एनएन-यू-नेट’ या स्वयंसंयोजित पद्धतीत हीच बेरीज मूळ निवड म्हणून ठेवलेली आहे.

सर्वांत फसवी खोड मात्र एकाच रुग्णात एकाहून अधिक विकार असतील तेव्हा दिसते. ४,००० पिक्सेलांची गाठ पूर्ण अचूक रंगवली आणि शेजारची १६ पिक्सेलांची नवी गाठ संपूर्ण सुटली, तरी डाइस ०.९९८ येतो. उपचारांच्या दृष्टीने ती सुटलेली गाठच कदाचित अधिक महत्त्वाची असते. त्यामुळे किती विकार सापडले आणि किती सुटले याची स्वतंत्र मोजणी न देता केवळ सरासरी डाइस देणारा अहवाल अपुरा समजला पाहिजे.