सेवा बंद करायची नोटीस: तारीख कशी धरायची?

आज विषय छोटा, पण खिशाला लागणारा. सेवा देणाऱ्याशी केलेला करार लेखी नोटीस देऊन कसा संपवायचा?

उदाहरण आमच्या कुंभार पिंपळगावचंच घेऊ. माझ्या मित्राचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याचा इंटरनेटवाल्याशी लेखी करार होता. महिना ९३० रुपये, राउटर कंपनीचा, डिपॉझिट २००० रुपये. करारात एक ओळ होती: कोणत्याही पक्षाला ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल. लॉक-इनची मुदत संपली होती. ती आधी बघायचीच, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागतात.

आता मोजणी. दिवस नोटीस लिहिल्यापासून धरू नका, समोरच्याला मिळाल्यापासून धरा, आणि मिळाल्याचा दिवस सोडून द्या. नोटीस ३ जूनला पोस्टात टाकली. समजा ती ६ जूनला पोचली, तर ७ जून पहिला दिवस आणि ६ जुलै तिसावा. पण पोस्टाला उशीरही होतो ना? म्हणून आम्ही शेवटची तारीख १० जुलै लिहिली. नोटीस १० जूनला पोचली असती, तरी ३० दिवस पूर्ण भरले असते.

मजकूर एवढाच:

"आपल्या व माझ्या करारातील नोटीस कलमानुसार हा करार दि. १० जुलै रोजी समाप्त करत आहे. त्या तारखेपर्यंतचे अंतिम बिल पाठवावे. राउटर परत घेऊन पोच द्यावी व डिपॉझिट परत करावे."

वर ग्राहक क्रमांक, कराराची तारीख, पत्ता, खाली सही.

"बंद करायचा विचार आहे" असं लिहू नका. विचार म्हणजे नोटीस नव्हे, "समाप्त करत आहे" हेच हवं. आणि नेट सारखं जातं, फोन उचलत नाहीत, हे यात नको. या कलमाला कारण लागतच नाही. कारण लिहिलं की ते खरं की खोटं यावर वाद सुरू होतो, आणि डिपॉझिट त्यात अडकतं. तक्रार असेल तर वेगळ्या पत्रात करा.

नोटीस पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. करारात ईमेल दिला असेल तर त्यावरही टाका. हातोहात दिली, तर आपल्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. फोनवर "हो दादा, बंद करतो" म्हणाले, तर ती लेखी नोटीस होत नाही.

नोटीस काळातलं बिल भरायचंच. जुलैचे १० दिवस, रोजचे ३० रुपये, म्हणजे ३०० रुपये. करारात पूर्ण महिन्याचंच बिल लिहिलं असेल, तर मात्र महिनाअखेरची तारीख टाकलेली बरी. ऑटो-पे अंतिम बिल भरल्यावर लगेच बंद करा. आधी बंद केलं तर थकबाकीदार तुम्हीच ठरता, आणि तसंच राहू दिलं तर पुढच्या महिन्यातही पैसे कापले जातात.

चला, तुमचा करार काढा आणि नोटीसचं कलम वाचा. भेटू पुढच्या भागात!