सतरा तीस की सात तीस?

आजचा एपिसोड छोटा आहे. मी दिवसा कोड लिहितो हे तुम्हाला माहितीच आहे. पण सुट्टीत गावी गेलो की तिथल्या एका कम्युनिटी रेडिओला निवेदनाची स्क्रिप्ट तयार करून देतो. ऑगस्टमध्ये तिथे माझ्या हातून एक चूक झाली, तीच आज सांगतो.

दुपारी धरणावरून सूचना आली. ती साधारण अशी होती:

"पाणलोट क्षेत्रातील संततधार पावसामुळे धरणाच्या पाणीपातळीत झपाट्याने वाढ होत असून, आज दि. 14 रोजी 17.30 वाजता सांडव्यावरील 22,450 क्युसेक विसर्ग वाढवून 38,600 क्युसेक करण्यात येणार असल्याने नदीकाठच्या ग्रामस्थांनी सतर्क राहावे व नदीपात्रात प्रवेश करू नये."

मी ती जशीच्या तशी टाईप करून ताईंच्या हातात दिली. ताई म्हणजे आमच्या निवेदिका. त्यांनी वाचली, "सतरा तीस वाजता" असंच वाचली. थोड्या वेळाने एका शेतकरी काकांचा फोन आला, "सात तीसला पाणी सोडणार ना? मग सातपर्यंत मोटार वर काढली तरी चालेल?"

पोटात गोळाच आला. 'सतरा' आणि 'सात' यांच्या उच्चारात फरक थोडासाच. खरखरत्या रेडिओवर तो ऐकूच येत नाही. काकांना लगेच सांगितलं, पण फोन न करणाऱ्यांचं काय? अर्ध्या तासात पुन्हा वाचायचं ठरलं.

ताई म्हणाल्या, "अरे, हे वाक्य संपायच्या आधी माझा श्वास संपतो. आणि 'नये' नेमकं तिथेच आहे."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणजे काय करायचं, करायचं की नाही करायचं, ते वाक्य संपल्यावरच कळतं. कागदावर डोळा मागे नेता येतो, रेडिओवर नाही. वाचणाऱ्याचा दम शेवटी कमी होतो, आवाज खाली जातो, आणि 'प्रवेश करू नये' मधला 'नये' पुसट होतो. म्हणून एका वाक्यात एकच क्रियापद ठेवायचं ठरवलं.

मग आकडे. 17.30 लॉग फाईलमध्ये छान दिसतं, तोंडात नाही. 'संध्याकाळी साडेपाच' म्हटलं की घोळ संपला. वेळ मात्र अजिबात गोल करायची नाही, पाण्याचा आकडा केला तर चालतो. 22,450 चं 'सुमारे साडेबावीस हजार' झालं. 38,600 चं मी 'एकोणचाळीस हजार' करत होतो, तर ताईंनी थांबवलं. 'एकोण' खाल्लं गेलं की चाळीस ऐकू येतं. म्हणून 'साडेअडतीस हजारांच्या वर'. शिवाय 38,600 ला 22,450 ने भागलं तर 1.72 येतं. यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, पावणेदोन पट!

उच्चारांचं मी ताईंवरच सोडलं. त्या मोठ्याने वाचत गेल्या आणि जिथे जीभ अडली तिथे पेन्सिलने खूण केली. 'पाणलोट क्षेत्रातील', 'ग्रामस्थांनी सतर्क', 'नदीपात्रात प्रवेश'. शेवटच्यात 'त्र' आणि 'प्र' लागोपाठ येतात, आणि 'प' माईकवर फट्कन आपटतो. 'नदीत उतरू नका' म्हटलं की दोन्ही त्रास गेले. पावसाचं कारण काढूनच टाकलं. पाऊस सगळ्यांना खिडकीतून दिसत होता.

शेवटी हवेवर गेलं ते हे:

"नदीकाठच्या गावांसाठी सूचना. आज संध्याकाळी साडेपाच वाजता धरणातून जास्त पाणी सोडणार आहेत. नदी वाढेल. नदीत उतरू नका. मोटारी आणि गुरं साडेपाचच्या आधी वर आणा. आत्ता सुमारे साडेबावीस हजार क्युसेक पाणी सुटतंय. ते साडेअडतीस हजारांच्या वर जाईल. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. पुन्हा सांगते. वेळ, संध्याकाळी साडेपाच."

मोटारी आणि गुरांचं वाक्य मूळ सूचनेत नव्हतं. ते घालण्याआधी धरणावर फोन करून विचारलं, ते 'हो' म्हणाले. असं न विचारता आपल्या मनाने काही घालायचं नाही. वेळ दोनदा का? कारण कुणीतरी मधेच रेडिओ लावतो.

प्रिंट काढताना आकडे अक्षरांत लिहिले आणि मूळ अंक समासात ठेवले, पडताळायला. 'साडेअडतीस' एका ओळीत आणि 'हजार' पुढच्या ओळीत असं होऊ दिलं नाही. खाली मदतीसाठी 112 होतं. ते मी 'एकशे बारा' लिहिलं होतं. ताईंनी खोडून 'एक, एक, दोन' केलं. "फोनवर लोक बटणं तशीच दाबतात ना," म्हणाल्या, आणि माईककडे वळल्या.