नंबरप्लेटचे दोन आकडे दिसेनासे झाले तेव्हा
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करणारा माणूस आहे, आणि वीस वर्षांपासून मला मायग्रेन म्हणजे अर्धशिशी आहे. आज बोलायचे आहे ते डोकेदुखीबद्दल नाही, तर दुखणे सुरू होण्याच्या आधीच्या अर्ध्या-एक तासाबद्दल. गाडी चालवणाऱ्याला खरा धोका तिथेच असतो.

तीन वर्षांपूर्वी मी आणि सौ. देवासहून इंदूरला कारने परत येत होतो. सहा वाजून दहा मिनिटे झाली असतील. पुढच्या ट्रकच्या नंबराचे डावीकडचे दोन आकडे मला दिसेनात. चष्म्यावर धूळ असेल म्हणून तो पुसला. पाचेक मिनिटांत त्याच जागी चमचमणारी, करवतीच्या दातांसारखी एक रेघ उमटली आणि हळूहळू डावीकडे पसरत गेली. मला वाटले, आता थोडेच तर राहिले, घरी पोचून पडू. तेवढ्यात सौ. ओरडली, "अहो, थांबा!" डावीकडच्या गल्लीतून एक स्कूटरवाला रस्त्यावर आला होता. ब्रेक लागला, तो वाचला. पण मला तो शेवटपर्यंत दिसलाच नव्हता.

असे का झाले ते नंतर डॉक्टरांनी समजावले. याला ऑरा म्हणतात. सगळ्या मायग्रेनवाल्यांना तो येत नाही. ज्यांना येतो त्यांना बहुधा पाच मिनिटे ते एक तास राहतो. बिघाड डोळ्यात नसतो, मेंदूच्या दृष्टीच्या भागात असतो. म्हणून एक डोळा झाकला तरी रेघ दिसतच राहते. आणि जिथे दिसत नाही तिथे काळा डाग पडेलच असे नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. रस्ता रिकामा दिसतो, पण तो रिकामा असतोच असे नाही. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. दोन सेकंद स्कूटर दिसली नाही तर तेहतीस मीटर आपण आंधळेपणाने गेलो.

त्यामुळे थांबायची वेळ डोके दुखायला लागल्यावरची नाही. अक्षर तुटक दिसले, समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा हरवला, रेघ चमकली, की लगेच इंडिकेटर द्यायचा, वेग कमी करायचा आणि पहिल्या सुरक्षित जागी, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात, गाडी लावायची. वळणावर किंवा रस्त्याच्या कडेला अंधारात नको. चावी काढून सोबतच्या माणसाकडे द्यायची.

चावी देण्याचे कारण ऐका. त्या दिवशी आम्ही एका ढाब्यावर थांबलो. सहा पस्तीसला माझी नजर अगदी स्वच्छ झाली. मी म्हटले, "चला निघू." सौ.ने चावी दिली नाही. सहा पन्नासला डावी कानशील ठणकू लागली, मळमळ सुटली आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे सहन होईनात. निघालो असतो तर हे सगळे भर वाहतुकीत झाले असते. शेवटी भाच्याला बोलावून घेतले, त्याने गाडी आणली. नजर परतली म्हणजे झटका संपला असे नाही. दुखणे, मळमळ, चक्कर सगळे जाईपर्यंत स्टिअरिंग धरू नये. दुखणे थांबल्यावरही कित्येकांचे डोके दिवसभर जड राहते आणि हात-पाय उशिरा चालतात.

वर्कशॉपमध्येही हाच नियम. लेथवर किंवा ग्राइंडरवर असताना रेघ दिसली तर "एवढा जॉब संपवतो" म्हणायचे नाही. स्विच बंद करायचा, चक पूर्ण थांबेपर्यंत हात लांब ठेवायचा आणि शेजारच्या साथीदाराला सांगायचे. मी माझ्या साथीदारांना आधीच सांगून ठेवले आहे, त्यामुळे लाज वाटत नाही.

औषधाचेही एक सांगतो. मायग्रेनच्या आणि उलटीच्या काही गोळ्यांनी झोप येते. नवी गोळी पहिल्यांदा सुटीच्या दिवशी, घरी घ्या, आणि गाडी चालवता का हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

मात्र सगळेच मायग्रेन समजू नका. असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच झाला, नजर हळूहळू नव्हे तर एकदम गेली, एकाच डोळ्याची गेली, तासाभरात परतली नाही, किंवा तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर घरी पडून राहू नका, ताबडतोब दवाखान्यात जा.

या दहा दिवसांत जागरण होते, आरतीपायी जेवण लांबते, मंडपात दिवे लुकलुकतात. मायग्रेनवाल्याला झटका यायला एवढे पुरते. तेव्हा आज रात्री कार्यक्रमानंतर घरी जाताना आपल्यापैकी कुणाला समोरच्या गाडीचा नंबर अर्धाच दिसला, तर चष्मा पुसू नका. गाडी बाजूला घ्या.