सोयावडीतील प्रथिने: वजन कोरडे की भिजलेले?

सोयावडी तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठापासून बनते. पाकिटावर लिहिलेली प्रथिने, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम, ही कोरड्या वडीची असतात. गोंदिया जिल्ह्यात भातासोबत सोयावडीचा रस्सा करताना मात्र ती आधी गरम पाण्यात भिजवून पिळली जाते, आणि हिशेब चुकतो तो इथेच.

वडी स्पंजासारखी पाणी धरते. ५० ग्रॅम कोरडी वडी भिजवून पिळल्यावर साधारण १५० ग्रॅम भरते. प्रथिने मात्र तेवढीच, २६ ग्रॅमच्या आसपास राहतात; वाढते ते फक्त पाणी. त्यामुळे भिजलेल्या १०० ग्रॅम वडीत प्रथिने जेमतेम १७ ग्रॅम येतात. तिलाच पाकिटावरचा आकडा लावला, तर हिशेब तिपटीने फुगतो.

भिजलेल्या वजनाचा भरवसाही नसतो. घट्ट पिळलेली वडी हलकी भरते, सैल पिळलेली जड. म्हणून वडी भिजवण्यापूर्वीच तोलावी. चौघांच्या रश्शात १०० ग्रॅम कोरडी वडी असेल आणि वड्या सारख्या वाढल्या, तर प्रत्येकाच्या ताटात वडीतून सुमारे १३ ग्रॅम प्रथिने येतात.