गळका शॉकअप आणि तेलाची पातळी

मोटारसायकलचा पुढचा शॉकअप गळू लागला की गॅरेजमधला उपाय ठरलेला असतो: सील बदला, तेल भरा. सील झिजतं हे खरंच. त्याची रबरी कड क्रोमच्या पाइपावर सतत घासते, आणि डस्ट सीलखाली माती अडकली की कड लवकर फाटते. पाइपावर गंजाचा टोचा असेल आणि तो नखाला लागत असेल, तर नवं सीलही त्याच जागी कापलं जातं. म्हणून सील बदलण्याआधी पाइप पुसून बोटांनी चाचपायला हवा. पण पाइप गुळगुळीत असूनही नवं सील थोड्याच दिवसांत गळतं, किंवा गळत नाही पण ब्रेक दाबताच गाडी पूर्वीसारखीच पुढे बसते. तेव्हा माझा संशय तेलाच्या पातळीवर जातो.

शॉकअपमध्ये स्प्रिंगच्या जोडीला तेलावर कोंडलेली हवाही काम करते. आतून २५ मिलिमीटर रुंद पाइप घ्या. स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून, पाइपाच्या तोंडापासून तेलापर्यंत १५० मिलिमीटर अंतर असेल, तर वर सुमारे ७४ मिलिलिटर हवा उरते. पाइप बाहेरून ३० मिलिमीटर आणि त्याची चाल १२० मिलिमीटर असेल, तर शॉकअप सुटा असताना ही हवा सुमारे १५८ मिलिलिटर असते. म्हणजे पूर्ण दबल्यावर दाब साधारण २.२ पट होतो. आता फक्त २० मिलिलिटर तेल जास्त ओता. पातळी चार सेंटिमीटर चढते आणि दाब जवळजवळ २.६ पटीवर जातो. तो दाब सील झेलतं. तेवढंच तेल कमी झालं तर तो १.९ पटीवर उतरतो, पुढची बाजू मऊ पडते. तेल फारच कमी झालं तर डॅम्परच्या छिद्रांत हवा शिरते, फेस होतो आणि आवर सुटतो. गळतीने तेल घटतं, गाडी बसते, मालक अंदाजाने जास्त ओततो, आणि सील पुन्हा गळतं.

कुणी म्हणेल, मॅन्युअलमध्ये मिलिलिटर दिलेले आहेत, मापाने ओतलं की झालं. शॉकअप पूर्ण खोलून कोरडा केला असेल तर ते बरोबर. नुसतं तळाशी सोडून काढलेल्या तेलाचा काही भाग आतच राहतो, मग मापाबरहुकूम ओतलेलं तेलही जास्त होतं. म्हणून तेल ओतून, पाइप काही वेळा खालीवर करून हवा काढावी आणि मगच पट्टी लावावी. शॉकअपच्या दोन्ही पायांत अंतर सारखं हवं. दुसरा आक्षेप जाड तेलाचा. जाड तेलाने बसण्याचा वेग कमी होतो. लांब ब्रेक लावल्यावर गाडी शेवटी किती बसेल ते मात्र स्प्रिंग आणि हवाच ठरवतात. वर खड्ड्याचा धक्का हाताला जास्त बसतो तो वेगळाच. पातळी बरोबर असूनही गाडी बसतच असेल, तर स्प्रिंग बाहेर काढून तिची मोकळी लांबी मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी.